व्हीएमसीचा तासाचा दर: सेटिंगचे तास कुठे मोजता? या चुका टाळा

गोव्यातल्या वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत एका व्हीएमसीवर जॉबवर्क करणाऱ्याला तासाचा दर विचारला तर आकडा चटकन मिळतो. तो कसा काढला हे विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "बाजूच्या शेडमध्ये हाच चालतो." दर हिशेबाने काढला असला तरी चूक सहसा बेरजेत नसते. ती भागाकारात असते, म्हणजे वर्षाचा खर्च किती तासांनी भागला यात.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. मशीन, वाहतूक, पाया, स्टॅबिलायझर आणि बसवणी धरून खर्च ₹26 लाख. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो यात धरायचा नाही. दहा वर्षांनी मशीन ₹2 लाखांना जाईल असं मानलं, तर घसारा वर्षाला ₹2,40,000. शेडच्या भाड्यातला वाटा आणि विमा ₹1,20,000, दुरुस्ती-देखभाल ₹1,00,000. एकूण ₹4,60,000. ऑपरेटरचा पगार इथे धरलेला नाही, तो वेगळा लावायचा. दरात आणि कोटेशनमध्ये असा दोन्हीकडे मात्र धरू नका.

2,400 तासांनी भागणं

रविवार आणि सुट्ट्या वजा जाता 300 दिवस, रोज आठ तास, म्हणजे 2,400 तास. पण देखभालीत साधारण 120 तास जातात. पावसाळ्यात वीज जाणं, चवथीच्या आठवड्यात माणसं नसणं, मटेरियलची वाट पाहणं यांत आणखी 180 धरा. उरले 2,100. त्यातले 300 तास सेटिंगचे, म्हणजे जॉब प्रत्यक्ष चालतो फक्त 1,800 तास.

हे आकडे अंदाजाने घेऊ नका. फॅनक कंट्रोल असेल तर टायमरच्या पडद्यावर OPERATING TIME दिसतो. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तो लिहून ठेवला की प्रोग्राम किती तास चालला ते कळतं. शेजारचा CUTTING TIME घेऊ नका. त्यात टूल बदलण्याचा आणि रॅपिड हालचालीचा वेळ येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या जॉबवर तोही खर्च होतोच. सेटिंगचा वेळ मात्र कंट्रोल सांगत नाही, तो फळ्यावर लिहावा लागतो. आधीच्या जॉबचा शेवटचा पीस उतरला तिथपासून नव्या जॉबचा पहिला पीस मोजमापात पास झाला तिथपर्यंत. वाइस डायल लावून सरळ करणं, टूलच्या लांब्या आणि ऑफसेट घेणं, पहिला पीस तपासणं, सगळं त्यात आलं. "अर्ध्या तासात सेटिंग होतं" असं म्हणणाऱ्याच्या फळ्यावर पहिल्याच आठवड्यात दोन-अडीच तास दिसू लागतात.

सेटिंग एकदाही न धरणं, किंवा दोनदा धरणं

सेटिंगचे पैसे वसूल करायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात सेटिंगचं वेगळं बिल लावायचं, म्हणून भागाकार 2,100 ने. दुसऱ्यात ते जॉबच्या दरातच मिसळायचं, म्हणून भागाकार 1,800 ने. जॉब चालताना वीज तासाला ₹45 आणि सेटिंगला ₹15 धरली (कशी काढली ते पुढे येतंच), तर हिशेब असा:

```
वेगळं बिल : 4,60,000 / 2,100 = 219
            जॉब  219 + 45 = ₹264 प्रति तास
            सेटिंग 219 + 15 = ₹234 प्रति तास
मिसळून    : (4,60,000 + 300 × 15) / 1,800 + 45 = ₹303 प्रति तास
```

₹264 चा दर लावून सेटिंगचं बिल लावलं नाही, तर वर्षाला 300 × 234 = ₹70,200 खिशातून जातात. उलट ₹303 लावून वर सेटिंगही आकारलं, तर तेवढेच पैसे गिऱ्हाइकाकडून दोनदा मागितले जातात आणि ऑर्डर शेजारी जाते.

आमचं मत पहिल्या रस्त्याच्या बाजूने आहे आणि त्याला कारण आहे. समजा एका पीसला 20 मिनिटं लागतात आणि सेटिंग तीन तासांचं आहे. 12 पीसच्या लॉटला चार तास जॉब आणि तीन तास सेटिंग, खर्च ₹1,758, म्हणजे पीसला ₹146.50. मिसळलेल्या दराने तुम्ही ₹101 च मागता. 120 पीसच्या लॉटचा खरा खर्च पीसला ₹94 पडतो, तिथेही तुम्ही ₹101 मागता. दोन्ही हिशेब 54 पीसला जुळतात. त्याखालच्या लॉटवर तुम्ही सर्वांत स्वस्त, त्यावरच्या लॉटवर महाग. मग मोठे लॉट निघून जातात आणि बारीकसारीक कामं रांग लावतात. सेटिंगचे तास 300 वरून वाढत जातात, आणि ज्या 1,800 वर दर बेतला होता तेच कमी होतात. मशीन दिवसभर गजबजलेलं आणि गल्ला मात्र रिकामा असेल, तर आधी लॉटचा आकार पाहा.

घसारा आयकराच्या तक्त्यातून उचलणं

आयकरात यंत्रावर 15 टक्के घसारा घटत्या किमतीवर मिळतो. तोच दरात घातला तर पहिल्या वर्षी ₹3,90,000 आणि दहाव्या वर्षी जेमतेम ₹90,000. जॉब तोच, मशीन तेच, दर मात्र उतरता. बँकेचा हप्ता घसाऱ्याच्या जागी धरणारे याहून फसतात. हप्ता फिटला की मशीन फुकट झालं असं वाटतं, आणि नवं घ्यायची वेळ येते तेव्हा हातात काही नसतं.

विजेला पाटीवरचे किलोवॅट

पाटीवर 15 किलोवॅट आहे म्हणून तासाला 15 युनिट धरू नका. तो जास्तीत जास्त भार असतो. पॅनेलवर छोटा एनर्जी मीटर लावून एक पूर्ण पाळी मोजा. आपल्या उदाहरणात कंप्रेसरच्या वाट्यासह जॉब चालताना तासाला 6 युनिट निघाले, सेटिंगच्या वेळी 2. युनिटचा दरही बिलावर छापलेला घेऊ नका. स्थिर आकारासह बिलाची पूर्ण रक्कम भागिले एकूण युनिट, तो खरा दर. इथे तो ₹7.50 धरला आहे, म्हणून ₹45 आणि ₹15.

आता गंमत पाहा. 2,400 ने भागून आणि वीज 15 युनिट धरून दर काढला तर ₹192 अधिक ₹112.50, म्हणजे ₹304 येतो. सेटिंग मिसळून बरोबर उत्तर होतं ₹303! दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. मग कुणीतरी मीटर लावून वीज तेवढी सुधारतो आणि दर ₹237 वर आणतो. त्या दिवसापासून वर्षाला सुमारे ₹1,19,000 चा तोटा सुरू होतो.

दुरुस्ती गेल्या वर्षीच्या वहीतून घेणं

नव्या मशीनची वही कोरीच असते. स्पिंडलचं काम पाच-सहा वर्षांनी येतं, आणि ते ज्या वर्षी येतं त्याच वर्षाच्या दरात टाकलं तर दर उडतो. आपल्या ₹1,00,000 मध्ये ₹60,000 दरवर्षीचे आहेत आणि ₹40,000 म्हणजे ₹2,40,000 चं स्पिंडल सहा वर्षांवर पसरलेलं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत पॅनेलच्या एसीला कंजूषी करू नका. तो बंद पडला की ओल थेट ड्राइव्हच्या कार्डांवर बसते, आणि एका कार्डाचं बिल त्या एसीच्या कित्येक वर्षांच्या सर्व्हिसिंगपेक्षा मोठं असतं.

मार्चअखेर एक ताळा घ्या. वर्षभर बिलात लावलेले जॉबचे तास गुणिले ₹264, अधिक सेटिंगचे तास गुणिले ₹234. ही रक्कम प्रत्यक्ष खर्चाहून बरीच कमी आली, तर आधी तास मोजा, खर्च नंतर.