वेगळ्या पद्धतीने गणित सोडवलं आणि मार्क कापले? चिठ्ठी अशी लिहा

उत्तर बरोबर पण पद्धत वर्गातली नाही म्हणून मार्क गेले तर स्टाफरूममध्ये जाऊन वाद घालू नका, चार ओळींची चिठ्ठी पेपरला पिन करून द्या. माझ्या भाचीने दादरच्या घरी बसून अशीच लिहिली, तिला ३ पैकी १ मिळाला होता:

"आदरणीय मॅडम, प्र. ३ (२) मध्ये 5x + 3y = 9 आणि 2x − 3y = 12 ही समीकरणं मी क्रेमरच्या पद्धतीने सोडवली आहेत. D = −21, Dx = −63, Dy = 42, म्हणून x = 3, y = −2. ताळा: 15 − 6 = 9 आणि 6 + 6 = 12. प्रश्नात फक्त 'सोडवा' असं आहे, म्हणून ही पद्धत वापरली. सवडीने एकदा बघाल का? काही पायरी राहिली असेल तर तेही सांगा. आपली विद्यार्थिनी"

ताळ्याची ओळ विसरू नका, मॅडमना अख्खं गणित परत न करता उत्तर बरोबर असल्याचं तिथेच दिसतं, आणि "मार्क वाढवा" असं कुठेच लिहायचं नाही, "बघाल का" एवढंच.

फक्त आधी प्रश्न नीट वाचा, त्यात पद्धतीचं नाव दिलेलं असेल तर मार्क बरोबरच कापलेत, मग चिठ्ठी देऊ नका.