सीपीएल वाढला त्या महिन्याचा रिपोर्ट मेल

सीपीएल, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या एका चौकशीमागचा, एका लीडमागचा खर्च, वाढलेल्या महिन्याचा रिपोर्ट लिहायला बसलं की हात आपोआप एका वाक्याकडे जातो: 'स्पर्धा वाढल्यामुळे आणि सीझनमुळे या महिन्यात सीपीएल वाढला आहे.' पडताळून पाहिल्याशिवाय हे वाक्य लिहू नका. आमच्या बडोद्यात सप्टेंबरमध्ये तर ते फारच सोपं होऊन बसतं, कारण श्राद्धपक्ष तयारच असतो. पक्षात कुणी घराचं काम काढत नाही हे क्लायंटलाही पटतं आणि आपल्यालाही. मेल जातो, कुणी काही विचारत नाही, आणि खरं कारण तसंच पुढच्या महिन्यात शिरतं.

या एका जागेबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नव्याने लागलेली मुलं इथेच अडकतात आणि मीही इथे बरीच धडपडले आहे. उदाहरण मॉड्युलर किचनच्या एका शोरूमचं घेते. मालक दांडिया बाजारातलं जुनं मराठी कुटुंब, गिऱ्हाईक बहुतेक गोत्री-भायलीकडच्या नव्या फ्लॅटवाल्यांचं. फक्त गूगल सर्चच्या जाहिराती. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

ऑगस्टमध्ये खर्च ₹९०,०००, क्लिक ३,०००, लीड १५०. म्हणजे सीपीएल ₹६००. सप्टेंबरमध्ये खर्च तेवढाच, क्लिक २,९००, लीड १००. सीपीएल ₹९००. दीडपट. असा आकडा स्क्रीनवर दिसला की पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यासकट मेल लिहिला की तो बचावाचाच होतो. म्हणून आधी भागाकार करा. सीपीएल म्हणजे सीपीसी भागिले कन्व्हर्जन रेट, सीपीसी हा एका क्लिकचा खर्च आणि कन्व्हर्जन रेट हे क्लिक करणाऱ्यांपैकी फॉर्म भरणाऱ्यांचं प्रमाण, त्यामुळे तो वाढण्याच्या वाटा दोनच: क्लिक महाग झाला, किंवा क्लिक करून आलेले लोक फॉर्म कमी भरू लागले. ऑगस्टचा सीपीसी ₹३०, सप्टेंबरचा ₹३१. स्पर्धा खरंच वाढली असती तर ती इथे दिसली असती. आणि मागणी आटली असती तर क्लिक ३,००० वरून २,९०० वर थांबले नसते. कन्व्हर्जन रेट मात्र ५ टक्क्यांवरून जवळजवळ साडेतीन टक्क्यांवर आला आहे. दुखणं जाहिरातीत नाही, पानावर आहे.

आता इथेही श्राद्धपक्ष परत डोकं वर काढतो: लोक बघतात, पण चौकशी पक्षानंतर करतात. शक्य आहे. म्हणून तारीख बघायची. रोजच्या लीडचा आलेख काढला तर उतार हळूहळू नव्हता, २ सप्टेंबरला एकदम पायरी होती, आणि पक्ष बसायला तेव्हा अवकाश होता. पंचांग असं एका दुपारी कन्व्हर्जन रेट पाडत नाही. एका दिवसात पायरी पडते तेव्हा कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. गूगल अ‍ॅड्सची चेंज हिस्टरी उघडा, आणि तिथे काही नसेल तर वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला फोन करा.

इथे उत्तर फोनवरच मिळालं. २ तारखेला फॉर्मवर ओटीपी बसवला होता, आणि तो मालकांच्या मुलानेच सांगून बसवून घेतला होता. शोरूममधले सेल्सवाले भाई रोज तक्रार करत होते की निम्मे नंबर लागतच नाहीत. त्यांची तक्रार खरी होती.

बरेच जण इथे थांबतात आणि मेलमध्ये लिहितात, 'आपण ओटीपी लावल्यामुळे लीड कमी झाले, कृपया काढावा.' हे अर्धवट आहे आणि नातं बिघडवणारंही आहे. ओटीपीने नेमकं काय अडवलं ते आधी बघा. `form_start` म्हणजे फॉर्म भरायला घेतलेले लोक ऑगस्टमध्ये २५० होते, सप्टेंबरमध्ये २४२. जवळपास सारखेच. `form_submit` मात्र १५० वरून १००. सप्टेंबरमध्ये १४६ जण ओटीपीच्या पडद्यापर्यंत पोचले होते. मधले ४६ कुठे गेले?

याचं उत्तर गूगलकडे नाही, एसएमएस पाठवणाऱ्या पॅनलच्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये आहे. तो मागवून घ्या. 'ते तुमचं काम नाही' असं कुणी म्हटलं तरी मागवा. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवून घ्यावा लागतो. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. ४६ पैकी १७ मेसेज याच कारणाने अडलेले होते, आणि सगळे वेबसाइटच्या गुजराती पानावरून निघालेले. इंग्रजी पानाचा मजकूर नोंदवलेला होता, गुजराती मजकूर नोंदवायचा राहिला होता. चाचणी झाली ती इंग्रजी पानावर, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. लीड पानानुसार वेगळे करून पाहिले तर हे लख्ख दिसतं: गुजराती पानावरून ऑगस्टमध्ये २२ लीड, २ सप्टेंबरनंतर एकही नाही. शंभराच्या बेरजेत हे शून्य दडून बसलं होतं. उरलेले २९ जण म्हणजे चुकीचे नंबर टाकणारे किंवा कोड न टाकताच निघून गेलेले. त्यांना अडवायलाच ओटीपी लावला होता.

यापुढचं काम बहुतेक एजन्सीज करतच नाहीत, आणि त्याचा मला राग येतो. सेल्सवाल्या भाईंकडून यादी घ्या: कितींशी प्रत्यक्ष बोलणं झालं? ऑगस्टच्या १५० पैकी १०५ जणांशी. सप्टेंबरच्या १०० पैकी ९४ जणांशी. म्हणजे बोलणं झालेल्या एका लीडचा खर्च ऑगस्टमध्ये ₹८५७ होता आणि सप्टेंबरमध्ये ₹९५७. वाढ दीडपट नाही, साधारण १२ टक्के आहे. शिवाय शंभराच्या आसपासच्या आकड्यात दहा-बाराचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, त्यामुळे १०५ आणि ९४ मधल्या फरकावर मोठी कहाणी रचू नका. १७ अडलेले मेसेज मात्र योगायोग नाहीत. त्यांचं कारण हातात आहे.

एवढं झाल्यावर मेल. पण त्याच्या आदल्या दिवशी फोन करा. वाईट आकडा क्लायंटला पहिल्यांदा मेलमध्ये दिसू नये, असं मला शिकवणारी माझी सीनियर मेल तपासायच्या आधी विचारायची, "फोन झाला का?" रिपोर्टचे साचे विकणारे आणि 'हिरवे आकडे वर, लाल खाली' असं शिकवणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. मालक लाल आकडा दोन मिनिटांत शोधतात, आणि मग वरच्या हिरव्यांवरचाही विश्वास उडतो. डॅशबोर्डची लिंक नुसती पाठवून देणं हाही रिपोर्ट नाही. लिंक खाली असू द्या, वर आपली वाक्यं हवीत.

मेल मी असा लिहीन. विषय: 'सप्टेंबर रिपोर्ट – प्रति लीड खर्च ₹६०० वरून ₹९००, कारण आणि दुरुस्ती'. आणि मजकूर:

'नमस्कार सर, काल फोनवर बोललो त्याप्रमाणे. सप्टेंबरमध्ये ₹९०,००० खर्चात १०० लीड आले, ऑगस्टमध्ये १५० होते. जाहिरातीच्या क्लिकचा दर ₹३० वरून ₹३१ झाला, म्हणजे वाढ तिथून आलेली नाही. २ सप्टेंबरपासून फॉर्मवर ओटीपी आहे. त्यामुळे न लागणारे नंबर ४५ वरून ६ वर आले, ही चांगली गोष्ट आहे आणि ओटीपी ठेवावा असं आमचं मत आहे. मात्र गुजराती पानावरच्या ओटीपी मेसेजचं टेम्प्लेट नोंदवलेलं नसल्याने १७ जणांना कोड पोचलाच नाही.

ज्यांच्याशी बोलणं झालं अशा लीडचा खर्च ऑगस्टमध्ये ₹८५७ होता, सप्टेंबरमध्ये ₹९५७. यापुढे रिपोर्टमध्ये हाच आकडा मुख्य धरावा असं सुचवतो.

दुरुस्ती: गुजराती टेम्प्लेट आज नोंदणीला देत आहोत. मंजुरी येईपर्यंत त्या पानावरूनही इंग्रजी मेसेजच जाईल, हा बदल आज संध्याकाळपर्यंत होईल. फॉर्म भरताच नंबर जतन होईल आणि ओटीपी झाला की नाही याची खूण पुढे लागेल, म्हणजे कोड अडला तरी चौकशी हरवणार नाही. अडलेल्या १७ नंबरांची यादी सोबत आहे, शोरूममधून आजच फोन व्हावेत अशी विनंती. ऑक्टोबरमध्ये बोलणं झालेल्या लीडचा खर्च ₹८०० ते ₹९०० राहील असा अंदाज आहे. १० ऑक्टोबरला अडलेल्या मेसेजची संख्या कळवतो.'

या मेलमधल्या दोन गोष्टी मी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. मालकांच्या मुलाचा उल्लेख कुठेच नाही, आणि ओटीपीने काय मिळवलं ते आधी, काय अडलं ते नंतर. यात लपवाछपवी नाही. त्याचा निर्णय बरोबर होता, कच्ची राहिली ती अंमलबजावणी, आणि मेलही तेच सांगतो.

आणखी एक गोष्ट अंदाजाची. '₹६०० वर परत आणू' असं इथे चुकूनही लिहू नका. त्या ₹६०० मध्ये ४५ मेलेले नंबर मोजलेले होते. ते परत आणायचं वचन म्हणजे चुकीचे नंबर परत आणायचं वचन. ₹८०० ते ₹९०० कुठून आले तेही स्वतःला सांगता आलं पाहिजे: १७ पैकी ऑगस्टच्या प्रमाणात ७० टक्के कामाचे धरले तर साधारण १२, ते ९४ मध्ये मिळवले की १०६, आणि ₹९०,००० भागिले १०६ म्हणजे सुमारे ₹८५०. दोन्ही बाजूंना पन्नास सोडले. क्लायंटने विचारलं तर ही आकडेमोड फोनवर तीन वाक्यांत सांगता येते, आणि विचारतातच. त्यावेळी घाबरू नका, विचारणारा क्लायंट मेल वाचणारा असतो.

अंदाज चुकला तर? ऑक्टोबरमध्ये नवरात्र-दिवाळीची गडबड असते, चुकूही शकतो. तेव्हा परत सीपीसी आणि कन्व्हर्जन रेटपासून सुरुवात करायची. त्यावेळी क्लिकच ₹३८ ला पडत असेल तर 'स्पर्धा वाढली' हे वाक्य लिहायला हरकत नाही, कारण मग ते खरं असेल. मात्र मेलची पहिली ओळ सप्टेंबरमध्ये दिलेल्या अंदाजाचीच हवी: '₹८०० ते ₹९०० म्हटलं होतं, प्रत्यक्षात इतके झाले.'