समासातलं एक वाक्य : बौद्ध संगीतींची दहा गुणांची टीप

साताऱ्यात बी.ए.ला असताना सराव परीक्षेत मी चार संगीतींना, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या चार मोठ्या सभांना, चार सारखे परिच्छेद दिले. ठिकाण, अध्यक्ष, राजा, भिक्खूंची संख्या, सगळं पाठ. दहापैकी चार मिळाले. समासात सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'हे सांगतंय कोण?' पुढच्या वेळी टीप त्या प्रश्नापासूनच आखली.

पहिली संगीती तीन ओळींत संपवा. राजगृह, इ.स.पू. 483 च्या सुमारास. महाकाश्यप अध्यक्ष, उपालीने विनय म्हणजे भिक्खूंचे नियम आणि आनंदाने धम्म म्हणून दाखवला. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी वैशालीची. तिथे वाद दहा आचारांचा, त्यातला मोठा म्हणजे भिक्खूंनी सोनं-चांदी घ्यावं का. दोन्हींचा जुना वृत्तान्त विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. परिणाम म्हणून आपण 'स्थविर आणि महासांघिक अशी फूट' असं ठोकून देतो, पण चुल्लवग्गात फुटीचा उल्लेखच नाही. ती जोड दीपवंस या श्रीलंकेच्या पाली इतिवृत्ताने दिली. एवढं एक वाक्य टाकलंत तरी परीक्षक थांबून वाचतो. सनांपुढे 'सुमारे' हवंच, कारण त्या बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं साल कोणतं धरता त्यावर हलतात.

जागा ठेवायची ती तिसरीसाठी. पाटलिपुत्र, इ.स.पू. 250 च्या सुमारास, अशोकाच्या काळात. मोग्गलिपुत्त तिस्स अध्यक्ष. हेतू संघात शिरलेल्या भोंदूंना बाहेर काढणं. फलित म्हणजे विरोधी मतं खोडणारा कथावत्थु हा ग्रंथ आणि धम्मप्रचारक पाठवणं. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः दीपवंस, महावंस आणि पाली अट्ठकथेतून, म्हणजे श्रीलंकेच्या थेरवादी परंपरेतून. आणि दोन्ही वंसग्रंथ अशोकानंतर सहा-सातशे वर्षांनी रचलेले. अशोकाच्या शिलालेखांत संगीतीचा उल्लेख नाही. मग सगळं खोटं? तसंही लिहू नका. सारनाथच्या स्तंभलेखात संघ फोडणाऱ्याला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर ठेवावं अशी आज्ञा आहे. सांची परिसरातल्या अस्थिकरंडकांवर मज्झिम आणि कस्सपगोत्त ही नावं सापडली, आणि हिमालयाकडे गेलेल्या प्रचारकांत वंसग्रंथ हीच नावं देतात. म्हणजे संघातली भांडणं आणि प्रचारक यांना बाहेरून आधार मिळतो, पण सभा भरली याला मिळत नाही.

महावंसात 'महारट्ठा'कडे गेलेला प्रचारकही आहे. कराडजवळची आगाशिवची लेणी पाहून आलेल्या पोरांना ती लगेच इथे जोडायची हुक्की येते. मलाही आली होती. आवरा, संगीतीशी जोडणारा पुरावा त्या लेण्यांत नाही.

चौथी दोन ओळींत: कनिष्क, काश्मीर, अध्यक्ष वसुमित्र, विभाषा हा भाष्यग्रंथ. मुख्य वर्णन सातव्या शतकातल्या ह्युएन त्संगचं. थेरवादी ती मानत नाहीत; त्यांची चौथी श्रीलंकेतली, जिथे त्रिपिटक लिहून काढलं.

दुसऱ्या खेपेला सात मिळाले. समासात या वेळी 'सुमारे' भोवती गोल होता, बाजूला बरोबरची खूण.