मावशी-काकांना ढीगभर फोटो पाठवताना या चुका टाळा

मुंजीचे सहाशे फोटो ड्राइव्हवर चढवले, चिपळूणच्या मावशीला लिंक टाकली आणि भाचा मोकळा झाला. चार दिवसांनी फोनवर विचारलं तर मावशी म्हणते, "काहीतरी इंग्रजीत आलं रे, मग मी बंदच केलं." तिच्या फोनमध्ये काही बिघाड नसतो. घोळ पाठवणाऱ्याकडचा असतो, आणि बहुतेक वेळा तो एकाच ठिकाणी असतो.

गूगल ड्राइव्हवर नवं फोल्डर केलं की ते Restricted असतं, म्हणजे ज्यांचा ईमेल पत्ता तुम्ही त्यात घातलाय त्यांनाच ते उघडतं. बाकीच्यांना You need access असं पान दिसतं. त्यावरचं बटण मावशीने दाबलं तरी परवानगीची विनंती तुमच्या ईमेलमध्ये येते आणि जाहिरातींच्या गर्दीत पडून राहते. म्हणून फोल्डरच्या Share मध्ये जाऊन General access खाली Anyone with the link निवडा आणि शेजारी Viewer ठेवा. Editor ठेवलंत तर कुणाच्या तरी अंगठ्याने फोटो उडू शकतात. लिंक पाठवण्याआधी ती क्रोमच्या Incognito टॅबमध्ये उघडून बघा. तिथे तुमचं खातं नसतं, त्यामुळे मावशीला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. अशी लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला उघडते, हे मात्र लक्षात असू द्या. सगळ्यांचं बघून झालं की पुन्हा Restricted करा. आणि जागा भरली म्हणून फोल्डरच उडवलंत, तर लिंकही मेली.

दुसरी चूक म्हणजे सहाशेच्या सहाशे फोटो पाठवणं. एकाच आशीर्वादाचे नऊ फोटो कोण बघणार? तीस-चाळीस निवडा, त्यात मावशी स्वतः दिसते ते सगळे घ्या. झिप फाइल तर नकोच. ती डाउनलोड करा, मग शोधा, मग सोडवा, हे सगळं फोनवर सांगताना दोन्हीकडचा आवाज चढतो.

लिंकला हातच न लावणारे काकाही असतात, आणि त्यांचं चुकत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून लोकांना गंडवलं गेलंय. अशांना आधी फोन करा: "काका, दहा मिनिटांत माझ्याच नंबरवरून लिंक येईल. ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा."

काका कॉम्प्युटरवर ईमेल बघत असतील तर तोच मार्ग सोपा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि ईमेलमध्ये घातल्यावर त्याचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं, म्हणजे जेमतेम पाच-सहा फोटो मावतात. त्यापुढे जीमेल ड्राइव्हची लिंक करतं, आणि परवानगीचा घोळ पुन्हा आलाच. आधी फोटो अर्ध्या एमबीपर्यंत लहान करा, पडद्यावर बघायला तेवढे पुरतात. ते खाली चिकटवण्याऐवजी मजकुरातच एकाखाली एक टाका. काकांनी फक्त खाली सरकवत जायचं.

प्रिंट काढून पाठवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, पण तिथेही एक हमखास फसगत होते. स्टुडिओतला नेहमीचा आकार ४×६ इंच. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारणपणे ३:२ प्रमाणाचा असतो, त्यामुळे तो त्यात चपखल बसतो. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो. तो आडवा सहा इंच केला की उंची साडेचार इंच होते, कागद मात्र चारचाच. मशीन वरून आणि खालून पाव-पाव इंच छाटतं आणि मागच्या रांगेतल्या उंच मामांचं डोकं जातं. स्टुडिओत स्पष्ट सांगा, "फोटो कापू नका, कडेला पांढरी पट्टी आली तरी चालेल." नाहीतर ५×७ घ्या, त्यात वरून-खालून मिळून पाव इंचच जातो. अधू नजरेला तो मोठाही दिसतो. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि फोटो हातात घेऊन सारखा तिरका करावा लागतो.

स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो Document म्हणून पाठवा. साधा पाठवलात तर तो दाबला जातो. ४×६ ला ते फारसं कळत नाही, पण भिंतीवर लावायला मोठा केला की चेहरे मऊ पडतात.

फोटोमागे नावं लिहायची असतील तर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढून वळ उमटतात. नावं छोट्या कागदी लेबलवर आधी लिहा आणि मग चिकटवा. पाकिटात फोटोंच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घाला.