जुना छापील बायोडेटा पुन्हा टाइप न करता संगणकात आणायचा आहे? ही तयारी करून बसा

आमच्या वहिनींनी बारा वर्षांच्या खंडानंतर पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीसाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा कपाटातून २००४ सालचा बायोडेटा निघाला. तोही मूळ नव्हता, झेरॉक्स होती. दोन पानं, वरच्या कोपऱ्यात स्टेपल केलेला फोटो आणि मधोमध शिक्षणाचा तक्ता. डीटीपी सेंटरमधली फाइल केव्हाच गेलेली. ती दोन पानं स्कॅन करून, त्यांतली अक्षरं मशीनकडून ओळखून घेऊन संगणकात उतरवताना जे जे लागलं आणि जिथे जिथे अडलं, ते त्याच क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी कागद आहे तसा एकदा फोटो काढून ठेवा. पुढे पिन काढताना कोपरा फाटला तरी मजकूर हाताशी राहतो. मग पिन आणि स्टेपल नखाने ओढू नका, मागच्या बाजूने पाय सरळ करून काढा. घड्या पडल्या असतील तर पानं दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. घडीवर सावली पडते आणि त्या ओळीवरची अक्षरं मशीनला तुटकी दिसतात. कागद पातळ असेल आणि मागचा मजकूर पुढे उमटत असेल, तर स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा. लॅमिनेशन केलेलं असेल तर ते सोलायच्या फंदात पडू नका, छपाई त्याच्याबरोबरच निघून येते. अशा वेळी तिरपा उजेड घेऊन फोटो काढावा.

स्कॅनर मिळत असेल तर ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल हे दोन शब्द दुकानदाराला आवर्जून सांगा. झेरॉक्सच्या दुकानात सवयीने काळं-पांढरं स्कॅन करतात. त्यात फिकट अक्षरांच्या रेषा पार उडतात आणि मग 8 चा 3 होतो. ग्रेस्केलमध्ये ती फिकट रेषा निदान राखाडी तरी राहते. पान जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं असेल तर मात्र उलटा अनुभव येतो. जास्त बारकाईने स्कॅन केलं की अक्षराऐवजी सुटे ठिपके दिसतात, म्हणून तिथे २०० डीपीआयने एकदा करून बघा. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुकानाच्या संगणकावरून समोर उभं राहून पुसून घ्या. त्या पानावर जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव सगळं असतं. ऑनलाइन फुकट कन्व्हर्टरच्या अनोळखी साइटवर बायोडेटा चढवू नये, तेही याच कारणासाठी.

मोबाइलनेच करायचं असेल तर दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून करा. फोन कागदाला समांतर हवा. अगदी जवळ जाऊ नका, थोडं वर राहून किंचित झूम केलं की कडेच्या ओळी वाकत नाहीत. घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि अक्षरांच्या कडा विरघळतात.

चित्रातली अक्षरं ओळखून घेण्यासाठी आम्ही गूगल ड्राइव्ह वापरलं. फाइल ड्राइव्हवर टाकायची, संगणकावर तिच्यावर राइट क्लिक करून Open with मधून Google Docs निवडायचं, की चित्राखाली मजकूर येतो. परिच्छेदांचा मजकूर चांगला आला. तक्त्याने मात्र घात केला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत धोक्याची जागा तीच वाटते.

तक्त्यात पाच ओळी होत्या: S.S.C., H.S.C., इंग्रजी टायपिंग 40, B.Sc. आणि डीएमएलटी. शेवटचा रकाना टक्क्यांचा. टायपिंगसमोर टक्के लिहिलेले नव्हते, ती चौकट रिकामी. मशीनने तक्ता आडवा न वाचता रकान्यांप्रमाणे उभा वाचला. आधी पाच परीक्षा, मग पाच वर्षं, मग टक्के. टक्के चारच होते आणि रिकाम्या जागेची खूण कुठेच नव्हती. मी ते वरून खाली नव्या तक्त्यात भरत गेले. टायपिंगसमोर बी.एस्सी.चे 68.57 बसले, बी.एस्सी.समोर डीएमएलटीचे 64.50, आणि डीएमएलटीची चौकट रिकामी राहिली. एकही आकडा चुकीचा नव्हता, जागा चुकली होती. शेवटची रिकामी चौकट दिसली म्हणून लक्षात आलं. म्हणून तक्ता वेगळा कापून घ्या आणि एकेका ओळीचं चित्र स्वतंत्रपणे ओळखायला द्या, किंवा पाच-सहा ओळीच असतील तर सरळ हाताने टाइप करा. संगणकावर टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर कापलेल्या तक्त्यासाठी अशी आज्ञा देता येते. ती पान एकसंध धरून ओळीओळीने वाचते:

```
tesseract takta.png takta -l eng --psm 6
```

बायोडेटा मराठीत असेल तर `eng` च्या जागी `mar+eng` लिहा, मात्र मराठीची भाषा-फाइल आधी बसवलेली हवी. मराठीत ख चा रव, घ चा ध आणि भ चा म होतो का, ते आधी बघा. अनुस्वार गळालेला पटकन दिसत नाही.

आता दुरुस्ती. मजकूर नव्या फाइलमध्ये Ctrl+Shift+V ने चिकटवा, म्हणजे वेडेवाकडे फॉन्ट सोबत येत नाहीत. शब्दांतल्या चुकांपैकी बऱ्याच लाल रेघेने स्वतःच ओरडतात: Chernistry हे Chemistry आहे हे कळतं. आपल्या आडनावांना मात्र लाल रेघ तशीही येते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. r आणि n चिकटून m झाला की Kulkarni चं Kulkami होतं आणि Karnik चं Kamik. डोळा ते बरोबरच वाचतो, कारण नाव आपल्याला पाठ असतं. नाव, गाव आणि ईमेल एकेक अक्षर बोट ठेवून तपासा.

अक्षरांत घुसलेले आकडे शोधायला गूगल डॉक्सच्या Find and replace मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून हे टाका:

```
[A-Za-z][0-9]|[0-9][A-Za-z]
```

यात Apri1 सापडतं आणि पिनकोडमधलं 411O30 सुद्धा. पण 68.57 चं 63.57 झालेलं यात सापडत नाही आणि स्पेलिंग तपासूनही नाही. त्यासाठी दोन माणसं बसा. एकाने कागदावरून एकेक अंक सुटा वाचायचा, ‘सहा आठ दशांश पाच सात’ असा, आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. शक्य असेल तर कागदाऐवजी मार्कशीटवरून वाचा. आमच्याकडे वहिनींच्या बायोडेटात बी.एस्सी.चं वर्ष 1996 छापलेलं होतं आणि मार्कशीटवर एप्रिल 1995. मशीनने अचूक वाचलं होतं, चूक २००४ पासून कागदातच होती.

विद्यापीठाचं नाव पदवीवर आहे तसंच ठेवा. वहिनींच्या प्रमाणपत्रावर University of Poona आहे. २०१४ मध्ये नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं म्हणून बायोडेटात ते बदललं, तर कागदपत्रं तपासताना दोन नावं जुळत नाहीत. नवं नाव हवं असेल तर जुन्याच्या पुढे जोडा.

हे सगळं जुळल्यावरच जुना पत्ता, लँडलाइन नंबर काढणं आणि नवा अनुभव घालणं सुरू करा. त्याआधी तपासलेल्या मजकुराची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. शेवटी पीडीएफ करा, उघडून Ctrl+A आणि Ctrl+C करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे प्रत्येक परीक्षेसमोर तिचेच टक्के येतात का ते बघा. नोकरीच्या साइट पीडीएफमधून मजकूरच उचलतात, आणि तक्ता तिथेही रकान्यांप्रमाणे सुटा होऊ शकतो. वहिनींचा झाला. मग आम्ही तक्ता मोडून प्रत्येक परीक्षा एका सरळ ओळीत लिहिली.