दोन अंकी भाजकाचा भागाकार: उत्तरात शून्य कुठे लिहायचं?

१,४६,५३९ ला ३६ ने भागायला दिलं की बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर ४०७ आणि बाकी १९ असं सापडतं. पाढा बरोबर, वजाबाकी बरोबर, बाकीसुद्धा बरोबर, तरी उत्तर चूक. खरं उत्तर ४०७० आहे. हेच गणित सावकाश करून बघू.

पेन्सिल टेकवण्याआधी एक काम करा: उत्तर किती अंकी येणार ते ठरवा. डावीकडून बघत जा. १ मध्ये ३६ जात नाही, १४ मध्येही जात नाही, १४६ मध्ये जातो. म्हणून उत्तराचा पहिला अंक १४६ मधल्या ६ च्या बरोबर डोक्यावर येईल. त्या ६ च्या पुढे ५, ३ आणि ९ असे तीन अंक उरलेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक अंक येणारच, म्हणजे उत्तर चार अंकी. वर चार छोट्या रेघा मारून ठेवा. मला विचाराल तर शून्याची निम्मी भांडणं या रेघांनीच मिटतात.

आता भाग लावू. १४६ मध्ये ३६ चार वेळा जातो, ३६ × ४ = १४४, उरले २. पहिल्या रेघेवर ४.

५ खाली घ्या. झाले २५. यात ३६ जात नाही. इथेच घाई होते: "जात नाही ना, मग पुढचा अंक घ्या" म्हणून ३ लगेच खाली उतरतो आणि वरची रेघ रिकामी राहते. तसं करू नका. आधी दुसऱ्या रेघेवर ० लिहा, मगच ३ खाली घ्या. कारण असं, की हे २५ म्हणजे २५ शतक आहेत. त्यांचे ३६ सारखे वाटे केले तर प्रत्येकाला एकही पूर्ण शतक मिळत नाही. शतकाच्या घरात "काही नाही" हे लिहूनच दाखवावं लागतं, नाहीतर मागचे ४ हजार सरकून ४ शतक होतात.

आता २५३. ३६ चा पाढा पाठ नसेल तर तो ४० धरून अंदाज घ्या: २५३ मध्ये ४० सहा वेळा. ३६ × ६ = २१६, उरले ३७. थांबा! बाकी भाजकापेक्षा मोठी आहे, म्हणजे आणखी एकदा भाग जातो. ६ खोडून ७ करा. ३६ × ७ = २५२, उरला १.

शेवटचा ९ खाली घ्या. झाले १९. यातही ३६ जात नाही, म्हणून चौथ्या रेघेवर ०. आता खाली घ्यायला अंक नाही, तेव्हा १९ ही बाकी. हे शेवटचं शून्य सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण खाली काहीच करायचं उरलेलं नसतं आणि हात आपोआप थांबतो.

```
       ४०७०
३६ ) १४६५३९
   − १४४
       २५३
     − २५२
         १९
```

सुरुवातीला १ आणि १४ मध्येही भाग गेला नव्हता, मग तिथे शून्य का नाही? तिथे लिहिलं असतं तर उत्तर ००४०७० झालं असतं, आणि त्याची किंमत ४०७० च. पहिल्या अंकाच्या डावीकडचं शून्य किंमत बदलत नाही, म्हणून लिहीत नाहीत. उजवीकडचं प्रत्येक शून्य किंमत बदलतं. म्हणून पहिला अंक लिहून झाला की नियम एकच: खाली एक अंक घेतला, की वर एक अंक लिहायचा, मग तो शून्य का असेना.

याची उलटी चूकही होते. समजा २५३ ला ६ चाच भाग लावला आणि उरलेले ३७ तसेच ठेवले. ९ खाली घेतल्यावर ३७९ होतात, त्यात ३६ दहा वेळा जातो, आणि वर १० लिहून उत्तर ४०६१० होतं. एका रेघेवर दोन अंक लिहायची वेळ आली, की मागच्या पायरीत भाग कमी लावलाय असं समजा आणि तिथे परत जा.

ताळा करताना भाजकाला उत्तराने गुणून त्यात बाकी मिळवा. ३६ × ४०७० = १,४६,५२०, त्यात १९ मिळवले की १,४६,५३९. तेच ४०७ घेतले तर ३६ × ४०७ + १९ = १४,६७१ येतात. सहा अंकी भाज्याच्या जागी पाच अंकी संख्या आली, की शून्य कुठेतरी गळलंय. रिकामी रेघ शोधा.