किराणा दुकान नवं असेल तर स्कीमच्या मालापासून जपा

दुकान टाकून वर्षही झालं नसेल तर सेल्समन तुमच्याकडे जास्त फेऱ्या मारतो. "शेठ, चोवीसवर तीन फ्री, आजच शेवटचा दिवस." महिनाअखेरीला त्याला टार्गेट गाठायचं असतं, तुम्हाला गल्ला. ते तीन फुकट नसतात. मी याच स्कीमात अडकलो होतो, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

ओट्सचं पाकीट आपल्याला ८० रुपयांना पडतं आणि आपण ते ९५ला विकतो. चोवीस घेतली की १,९२० रुपये गेले आणि हातात सत्तावीस पाकिटं आली. आपल्या गल्लीत महिन्याला खपतात तीन. एक्स्पायरीला चार महिने उरलेत, म्हणजे खपणार बारा. त्यांचे आले १,१४०. उरलेली पंधरा पाकिटं पडून, आणि खिशातून ७८० रुपये गेले. दर महिन्याला तीनच घेतली असती तर चार महिन्यांत १८० रुपये सुटले असते.

खरा फटका वेगळाच बसतो. हे १,९२० अडकले त्याच आठवड्यात साखरेचं पोतं आणायला पैसे कमी पडतात. साखर नाही म्हटलं की गिऱ्हाईक फक्त साखरेसाठी पुढच्या दुकानात जात नाही, अख्खी यादी तिकडे देतं.

म्हणून स्कीम ऐकली की एकच भागाकार करा: फ्री धरून एकूण नग भागिले महिन्याचा खप. उत्तर दोन महिन्यांच्या वर गेलं तर नको म्हणा. "एक्स्पायर झालं तर बदलून देतो" हे तोंडी चालत नाही, बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी सेल्समन दुसराच असतो.

संपणाऱ्या मालासाठी रोजचा खप माहीत हवा. साखर रोज ८ किलो जाते, माल यायला दोन दिवस लागतात आणि एखाद दिवस गाडी चुकते. म्हणजे तीन दिवसांचे २४ किलो उरले की फोन करायचा. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात लोक महिन्याचं सामान भरतात, तेव्हा हाच आकडा दुप्पट धरा. आषाढी एकादशीआधी साबुदाणा, शेंगदाणे आणि भगर यांचंही तसंच.

खप काढताना माल संपलेले दिवस वजा करा. साखर दहा दिवस नव्हती आणि महिन्यात १६० किलो गेली, तर खप वीस दिवसांवर काढायचा. तीसने भागलं तर आकडा कमी येतो, पुढची ऑर्डर कमी जाते आणि साखर पुन्हा संपते.

हे मोबाईलच्या अॅपशिवाय होतं, घाबरू नका. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि मागितलं पण नव्हतं ते तिथल्या तिथे लिहा. काय भरावं हे होलसेलवाल्याला विचारू नका, त्याला त्याचा माल काढायचा असतो. विचारायचंच तर दुसऱ्या पेठेतल्या जुन्या दुकानदाराला विचारा, तुमचं गिऱ्हाईक त्याच्याकडे जात नसतं.

आता ज्यांच्याकडे असा माल पडून आहे त्यांनी एक्स्पायरीला दीड महिना असतानाच तो ८०ला, म्हणजे खरेदीच्या भावाला, काउंटरवर मांडावा.